‘नको, आमचं ठरलेलं आहे’ यानंतरचे एक वाक्य

अनोळखी माणसाला फोन करून काही विकणे हे आपले काम नव्हे, असे मी गेल्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत ठामपणे समजत होते. आमचे घर वेंगुर्ल्याजवळ आहे. घरच्या आणि शेजाऱ्यांच्या रातांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, आम्ही दर उन्हाळ्यात आमसुले आणि आगळ, म्हणजे मिठात सुटलेला कोकमाचा रस, करतो आणि ठरलेला व्यापारी दारात येऊन माल घेऊन जातो, त्यामुळे गिऱ्हाईक शोधण्याची वेळ कधी आली नव्हती. २०२५ साली मात्र मोसमी पाऊस २४ मे रोजी केरळात पोहोचला आणि त्यामागोमाग लगेच आमच्याकडे उतरला. आमसुलांना रसाच्या पुटामागून पूट आणि मध्ये मध्ये कडक ऊन लागते. ते ऊनच गेले. साली कुजून वाया जाऊ नयेत म्हणून आम्ही त्या मिठात घालून पिंपे भरली, कारण आगळाला ऊन लागत नाही, मीठ रस सोडवून घेते. जूनच्या मध्याला आमच्याकडे आमसुले जेमतेम आणि आगळ सुमारे ४०० लिटर अशी उलटी परिस्थिती झाली. व्यापाऱ्याला एवढे आगळ नको होते आणि त्याने सांगितलेला भाव मिठाचा आणि मजुरीचा खर्चही भरून काढणारा नव्हता.

आगळ सर्वांत जास्त कोण घेते, तर सोलकढी देणारी हॉटेले आणि खानावळी. पुण्यातील अशा ६४ ठिकाणांची नावे आणि त्यांनी स्वतःच जाहीर केलेले क्रमांक मी जुलैभर वहीत उतरवून घेतले. पुढे फोन करायचा एवढेच राहिले होते, आणि तेथेच मी जवळजवळ तीन महिने अडकले. त्या तीन महिन्यांत काय झाले आणि शेवटी फोनवर म्हणायची चार वाक्ये कशी तयार झाली, ते क्रमाने लिहिते.

आधी कागदपत्रांचे सांगते, कारण ते मला कोणी सांगितले नव्हते. आपल्या रोजच्या दहा आकडी मोबाइलवरून अनोळखी लोकांना विक्रीचे फोन करणे हे दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘ट्राय’च्या, २०१८ सालच्या नियमांत बसत नाही. ज्याला असा फोन येतो तो १९०९ या क्रमांकावर तक्रार करू शकतो, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने नोंदणी नसलेल्या फोनविक्रेत्यांच्या जोडण्या तोडून त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकण्याचे निर्देश कंपन्यांना दिलेले आहेत. माझा हा क्रमांक बँकेपासून मुलाच्या शाळेपर्यंत सगळीकडे दिलेला असल्याने तो गमावण्याचा धोका मला पत्करायचा नव्हता. रीतसर मार्ग असा की, मोबाइल कंपनीच्या संकेतस्थळावर आपला व्यवसाय नोंदवायचा आणि मग १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून फोन करायचे. त्यासाठी पॅन, उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र आणि लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी अधिकारपत्र लागले. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, तिचे पैसे मागणारा एजंट असला तर त्याच्या नादी लागू नये. कंपनीच्या नोंदणीला मला करासहित ५,९०० रुपये पडले. माझा पहिला अर्ज परत आला, कारण पॅनवर माझे नाव माहेरचे होते आणि उद्यमच्या कागदावर सासरचे. ते दुरुस्त करेपर्यंत ऑगस्ट संपत आला. २७ तारखेला गणपती बसले आणि कोकणात गणपतीत कुठलेच काम पुढे सरकत नाही, हे वेगळे सांगायला नको. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका नोंदणीकृत टेलिमार्केटर सेवेमार्फत मला १४० चा क्रमांक मिळाला. त्यांनी माझी यादी आधी नापसंती नोंदवहीशी, म्हणजे लोक ज्याला डीएनडी म्हणतात तिच्याशी, ताडून पाहिली. ६४ पैकी ११ क्रमांक तेथेच गळाले आणि ५३ उरले.

या वाटेचा एक तोटा मला आधी कळला नाही. १४० हे आकडे पडद्यावर दिसले की, समोरच्याला फोन उचलण्यापूर्वीच कळते की कोणीतरी काहीतरी विकणार आहे. तेव्हा मला तो तोटाच वाटला. पुढे त्याचाच उपयोग झाला, पण ते नंतर.

फोनवर काय बोलायचे ते मी ऑगस्टमध्येच लिहून ठेवले होते. पहिला मजकूर येथे जसाच्या तसा देते, कारण बहुतेक जण सुरुवात अशीच करत असावेत: ‘नमस्कार सर, आम्ही सिंधुदुर्ग जिल्ह्यातून बोलत आहोत. आम्ही शुद्ध, नैसर्गिक व पारंपरिक पद्धतीने तयार केलेले कोकम आगळ माफक दरात उपलब्ध करून देत आहोत. आपला अमूल्य वेळ घेत आहे, त्याबद्दल क्षमस्व. आपणास आमच्या उत्पादनाविषयी माहिती देऊ शकते का?’ हा मजकूर पाठ करून मी कणकवलीत बरीच वर्षे हॉटेल चालवलेल्या एका काकांकडे गेले. त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून बसवले आणि स्वतः माझ्याकडे पाठ केली, कारण फोनवर चेहरा दिसत नाही आणि समोरासमोर मान डोलावणारा माणूस आपल्याला खोटा धीर देतो. माझे बोलून झाल्यावर ते एवढेच म्हणाले, “गो बाय, ह्या तू वाचतंस. बोलत नाय.”

मी घरी येऊन माझेच बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकले, आणि त्यांचे म्हणणे पटले. मराठीत हा फरक कानाला फार लवकर कळतो. आपण लिहिताना ‘तयार केलेले आगळ’ असे लिहितो आणि बोलताना ‘केलेलं आगळ’ असे म्हणतो. लिहितो ‘बोलत आहे’, म्हणतो ‘बोलतेय’. कागदावर एकार लिहिलेला असला की तोंडातून एकारच बाहेर येतो आणि ऐकणाऱ्याला दुसऱ्याच शब्दाला कळते की समोर कागद धरलेला आहे. ‘उपलब्ध करून देणे’, ‘माफक’, ‘अमूल्य वेळ’ हे शब्द आमच्या घरात कोणी कधी उच्चारलेले नाहीत. तेव्हापासून मी फोनचा मजकूर जसा बोलतो तसाच, अनुस्वारासकट लिहिते, आणि एका श्वासात जेवढे मावेल तेवढ्यावर ओळ तोडते. दुसऱ्या ओळीवर जाण्यासाठी श्वास घ्यावाच लागतो आणि समोरच्याला तेवढ्यात ‘हं’ म्हणायला जागा मिळते.

दुसरा मजकूर मात्र मी उलट्या टोकाला नेला. ‘काय म्हणताय, बरे आहात ना?’ अशी सुरुवात केली. काकांनी फोन ठेवल्याचा आवाज तोंडाने काढला. ओळख नसताना ओळखीचा आव आणला की माणूस आधी ‘हा कोण’ हे आठवू लागतो आणि आपण त्याला फसवले हे कळल्यावर चिडतो. संबोधनाचेही असेच. ‘सर’ म्हटले की बँकेचा फोन वाटतो, ‘काका’ म्हटले तर पुण्यातल्या चाळिशीच्या मालकाला ते रुचेलच असे नाही, ‘शेठ’ म्हणण्यात लाचारी येते. शेवटी मी संबोधन काढूनच टाकले. ‘तुम्ही’ पुरते.

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार, दुपारी साडेतीन वाजता मी पहिला फोन लावला. वेळ काकांनीच सांगितली होती: बारा ते अडीच हॉटेलवाल्याला फोन करणे हा गुन्हा आहे, सकाळी तो बाजारात असतो, साडेतीन ते पाच या वेळात तो गल्ल्यावर चहा पीत बसलेला सापडतो. पहिल्या आठवड्यात मी १८ फोन केले. ७ जणांनी उचलले. त्यांतल्या ५ जणांनी माझे पहिले वाक्य पुरे होण्याआधीच ठेवून दिले आणि उरलेल्या दोघांनी ऐकून घेतले, पण दोघेही एकच वाक्य बोलले: “नको, आमचं ठरलेलं आहे.” त्यावर मी दोन्ही वेळा म्हणाले, “बरोबर आहे, पण आमचं आगळ एकदम शुद्ध आहे.” दोन्ही वेळा पुढे काही झाले नाही. त्या आठवड्यात रात्री झोप लागायला उशीर होत असे, हे लिहून ठेवते. नकाराचे एवढे वाटत नव्हते, त्या कापलेल्या फोनच्या टुक आवाजाचे वाटत होते.

दिवाळीच्या आधी आणि नंतर हॉटेले गर्दीत असतात म्हणून १८ ते २६ ऑक्टोबर मी एकही फोन केला नाही. हा काळ मजकूर नव्याने लिहिण्यात गेला आणि सगळे महत्त्वाचे बदल याच नऊ दिवसांत झाले.

पहिला बदल सुरुवातीत होता. १४० मुळे समोरच्याला मी विक्रीसाठी फोन केला आहे हे कळलेलेच असते, मग ते लपवण्यात अर्थ काय? उलट ते मीच आधी सांगितले तर त्याला ओळखण्याचे कष्ट राहत नाहीत. सुरुवात अशी झाली: ‘नमस्कार. मी वेंगुर्ल्याहून बोलतेय, आम्ही कोकमाचं आगळ करतो. विक्रीसाठीच फोन केलाय. अर्धा मिनिट बोलू, की आत्ता गडबडीत आहात?’ शेवटच्या प्रश्नाला ‘गडबडीत आहे’ हे उत्तर सोपे करून दिलेले आहे, आणि तसे कोणी म्हटले तर मी कधी फोन करू ते विचारून ठेवून देते. परवानगी मागायची आणि ती नाकारली तरी बोलत राहायचे, हे मी स्वतः विमावाल्यांकडून इतक्या वेळा सोसले आहे की ते करणे शक्य नव्हते.

त्यानंतर दोनच वाक्ये: ‘तुमच्याकडे सोलकढी असते म्हणून फोन केला. आमचं आगळ यंदाच्या रातांब्याचं आहे, रंग घातलेला नाही आणि प्रत्येक कॅनमध्ये मीठ एकाच मापाचं आहे.’ आणि प्रश्न: ‘तुम्ही आगळ कुठून घेता?’

या प्रश्नाला बहुतेक जण ‘ठरलेलं आहे’ हेच उत्तर देतात, हे आता मला माहीत होते. म्हणून खरे काम त्याच्या पुढच्या वाक्याचे होते. काकांशी बोलताना एक गोष्ट स्पष्ट झाली. ‘ठरलेलं आहे’ हे माझ्या आगळाविषयीचे मत नसते. त्यांनी माझे आगळ पाहिलेलेही नसते. ते फक्त स्वतःचा वेळ परत मागत असतात. त्याला मी ‘शुद्ध आहे’ असे उत्तर देते तेव्हा मी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देते, आणि वर ‘बरोबर आहे, पण’ असे म्हणते. या ‘पण’ने आधीचे ‘बरोबर आहे’ पुसले जाते, ऐकणाऱ्याच्या कानात फक्त वाद उरतो. मी मजकुरातले सगळे ‘पण’ लाल शाईने खोडले. पाच होते.

मग त्या जागी काय म्हणायचे? आधी लिहिले, ‘तुम्हाला आगळाबाबत काही अडचण येते का?’ काका हसले. अनोळखी माणसाला आपली अडचण कोण सांगेल, असे त्यांनी विचारले. प्रश्न असा हवा की, त्याचे उत्तर मालकाला स्वयंपाकघराकडे बघून एका शब्दात देता यावे, आणि ‘नाही’ हे उत्तरही तितकेच खरे असू शकावे. मी त्यांना विचारले की, हॉटेल चालवताना आगळाचा त्रास नेमका कशाचा व्हायचा. त्यांनी क्षणाचाही विचार न करता सांगितले: मीठ. आगळात टिकण्यासाठी मीठ भरपूर असते आणि प्रत्येक घराचे प्रमाण निराळे. व्यापारी दहा घरांचे आगळ गोळा करतो, त्यामुळे एका कॅनची सोलकढी बरोबर होते आणि पुढच्या कॅनची खारट. आचारी मग नारळाचे दूध वाढवतो, आणि ते दूध महाग. गिऱ्हाईक कधी सांगत नाही, वाटी अर्धी टाकून जाते.

येथे मला स्वतःचीच चूक सापडली. ‘प्रत्येक कॅनमध्ये मीठ एकाच मापाचं’ हे वाक्य मी नव्या मजकुरात घातले होते, ते खरे आहे का हे तपासलेच नव्हते. आमच्या चार पिंपांतले थोडे थोडे आगळ वेगवेगळ्या वाट्यांत घेऊन सारखेच पाणी घालून चाखले, तर तिसऱ्या पिंपाचे स्पष्टच खारट लागले. ते सासूबाईंनी भरले होते आणि त्यांचा हात मिठाला सढळ आहे. दोन दिवस घालवून आम्ही चारही पिंपे एका मोठ्या टाकीत एकत्र ढवळली, गाळली आणि मग पाच-पाच लिटरचे कॅन भरले. हे केले नसते तर पुढचे सगळे बोलणे म्हणजे गोड शब्दांत खोटे सांगणे झाले असते आणि ते दुसऱ्या कॅनला उघडे पडले असते.

२८ ऑक्टोबरला, मंगळवारी, मी पुन्हा सुरुवात केली. चौथा फोन एका खानावळीत लागला. फोन ठेवल्यावर मी लगेच वहीत उतरवलेला तो संवाद असा होता.

“हॅलो?”

“नमस्कार. मी वेंगुर्ल्याहून बोलतेय, आम्ही कोकमाचं आगळ करतो. विक्रीसाठीच फोन केलाय. अर्धा मिनिट बोलू, की आत्ता गडबडीत आहात?”

“बोला, लवकर बोला.”

“तुमच्याकडे सोलकढी असते म्हणून फोन केला. आमचं आगळ यंदाच्या रातांब्याचं आहे, रंग घातलेला नाही आणि प्रत्येक कॅनमध्ये मीठ एकाच मापाचं आहे. तुम्ही आगळ कुठून घेता?”

“नको हो, आमचं ठरलेलं आहे. मार्केट यार्डातून येतं.”

मी मनात एक-दोन असे मोजले. हे मोजणे मी वहीत लिहून ठेवलेले आहे, कारण संगणकावरून जाणाऱ्या फोनला आवाज पोहोचायला किंचित वेळ लागतो आणि आधीच्या फोनांत मी लोकांच्या वाक्यावर वाक्य चढवत होते. त्या दोन आकड्यांत पुष्कळदा समोरचा माणूसच आणखी काही बोलतो. ‘मार्केट यार्डातून येतं’ हे असेच आपोआप आले होते.

“बरं. ठरलेला माणूस असला की सोयीचं असतं, तो सोडा असं मी म्हणत नाही. एकच विचारते आणि फोन ठेवते. कॅन बदलला की तुमच्या आचाऱ्याला मिठाचा अंदाज परत घ्यावा लागतो का?”

थोडा वेळ शांतता. मग तोंड बाजूला करून कोणाला तरी विचारल्याचा आवाज. “लागतो म्हणतोय. कधी कधी फार खारं येतं.”

“मग २०० मिलीची एक बाटली पाठवते, पैसे नकोत. त्यानंच एकदा कढी करून बघू दे. नाही आवडली तर मी परत फोन करणार नाही. पार्सल कुणाच्या नावानं घालू?”

एक मिनिट चाळीस सेकंद. पार्सलला ७० रुपये आणि बाटली-झाकणाला १४ रुपये लागले. आठ दिवसांनी त्यांच्या आचाऱ्यानेच माझ्या बाटलीवरच्या क्रमांकावर फोन केला आणि मालक न बोलता तोच दर विचारू लागला. नमुन्याच्या लेबलवर आपला क्रमांक आणि अन्नसुरक्षेचा, म्हणजे एफएसएसएआयचा, चौदा आकडी नोंदणी क्रमांक ठळक छापून घ्यावा, हे मी तेव्हा शिकले. त्याने दुसरा प्रश्न परवान्याचाच विचारला होता, आणि त्या क्रमांकाशिवाय कोणतेही बरे हॉटेल माल घेत नाही.

आता याच वाक्याचे दुसरे टोक सांगते, कारण सगळे फोन असे झाले नाहीत. त्याच आठवड्यात एका मालकांनी मिठाच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिले, “नाही, आमच्याकडे बायको स्वतः करते, तिचा अंदाज पक्का आहे.” माझ्या मजकुरात या उत्तराला एकच ओळ लिहिलेली आहे: ‘मग प्रश्नच नाही. वेळ दिलात, धन्यवाद.’ ती म्हणून मी फोन ठेवला. ती ओळ म्हणणे सुरुवातीला फार जड गेले, कारण हातातले माणूस सोडून देतो आहोत असे वाटत होते. मात्र दुसरा प्रश्न शोधून काढला असता तर ‘एकच विचारते आणि ठेवते’ हे माझे म्हणणे त्याच क्षणी खोटे ठरले असते. पहिल्या नकाराला एकदाच उत्तर द्यायचे, दुसरा नकार आला की आभार मानून थांबायचे, असे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे आणि आजवर ते मोडलेले नाही. त्या यादीत त्यांच्या नावापुढे फुली आहे. त्यांना पुन्हा फोन जाणार नाही.

‘व्हॉट्सॲपवर पाठवा’ हा दुसरा नेहमीचा प्रकार. सुरुवातीला मला तो होकार वाटायचा. मी छायाचित्रे, दर, सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली मिळालेले भौगोलिक मानांकन, सगळे पाठवायची आणि दोन निळ्या खुणांपलीकडे काही यायचे नाही. हाही नकारच असतो, फक्त सभ्य. आता मी म्हणते, “पाठवते. दरच पाठवू, की तुम्हाला आधी चव बघायची असते?” यावर ज्याला खरोखर हवे असते तो दोन्हींपैकी एक निवडतो. जो ‘काहीही पाठवा’ म्हणतो त्याला मी दराचा एक संदेश पाठवते आणि त्याच्याकडून उत्तर येईपर्यंत पुन्हा लिहीत नाही.

एकदा एका गृहस्थांनी चढ्या आवाजात विचारले, “माझा नंबर कुठून मिळाला?” माझा हात थरथरला, पण उत्तर तयार होते, कारण ते खरे होते: “तुमच्या हॉटेलच्या पाटीच्या फोटोवरून घेतला. नको असेल तर यादीतून आत्ताच काढते.” त्यांनी ‘काढा’ म्हटले. मी काढला. ही ओळ पाठच असावी, कारण अशा वेळी डोके चालत नाही.

भावाचा आक्षेप मात्र या कोणत्याही शब्दांनी सुटत नाही. आमचे आगळ बाजारापेक्षा लिटरमागे ३० रुपयांनी महाग पडते. ‘महाग आहे’ असे जो पहिल्या झटक्यात म्हणतो त्याने अजून भाव ऐकलेला नसतो, त्याला मी मिठाचाच प्रश्न विचारते. भाव ऐकून, चव घेऊन नंतर जो ‘महाग आहे’ म्हणतो त्याचा हिशेब झालेला असतो. अशा दोघांना मी घासाघीस न करता नमस्कार केला. माझ्याकडे देण्यासारखी सूटच नव्हती.

नोव्हेंबरअखेर माझी ५३ क्रमांकांची यादी संपली. न उचललेल्यांना मी जास्तीत जास्त दोनदा फोन केला. एकूण ३१ जणांशी बोलणे झाले. पहिल्या नकारापर्यंत २२ जण पोहोचले, आणि नवा मजकूर वापरल्यानंतर मिठाचा प्रश्न ज्या १७ जणांना विचारता आला त्यांपैकी ९ जणांनी ‘हो’ म्हटले. ६ जणांना बाटल्या गेल्या (तीन जणांनी पत्ता देतो म्हणून दिला नाही), आणि ३ जणांनी माल घेतला: एकाने ५ लिटर, एकाने १०, आणि त्या मार्केट यार्डवाल्या खानावळीने २०. जानेवारीपर्यंत तिघांचे मिळून ११० लिटर आगळ गेले. उरलेले सगळे आम्ही त्याच व्यापाऱ्याला त्याच्याच भावाने दिले, कारण पिंपे मार्चपर्यंत रिकामी हवी होती. आगळ वर्षभर टिकते खरे, तरी जुने होत जाते तसा त्याचा लाल रंग तपकिरीकडे झुकतो, आणि ‘यंदाच्या रातांब्याचं’ हे वाक्य मला पुढच्या वर्षी याच मालासाठी म्हणता आले नसते.

नोंदणी, १४० क्रमांकाची तीन महिन्यांची सेवा, नमुने आणि पार्सले मिळून खर्च १४,००० रुपयांच्या आसपास झाला. ११० लिटरवर व्यापाऱ्यापेक्षा जे अधिक मिळाले त्यातून तो निम्मादेखील भरून निघाला नाही. नोंदणी पुन्हा करावी लागणार नाही आणि ती तीन हॉटेले यंदाही माल घेतील, या हिशेबाने मी पुढे जाते आहे.

यंदा मुंबईची यादी करायला घेतली आहे आणि तेथे एक नवी अडचण आली. अर्ध्या मालकांशी हिंदीत बोलावे लागणार आहे. मराठीतला ‘एकच विचारते आणि ठेवते’ हिंदीत नेला की ‘बस एक सवाल पूछती हूँ’ असा पोलीस चौकीतल्यासारखा ऐकू येतो. काकांना ऐकवला, तर त्यांनी पाठ न वळवताच नकारार्थी मान हलवली. शनिवारी पुन्हा त्यांच्याकडे जायचे आहे, दुसरा मजकूर घेऊन.